रिपोर्ट नॉर्मल, मग इन्सुलिन कशाला? गरोदरपणात एचबीएवनसी कमी का दिसतं

सातवा महिना चालू आहे. बाईंच्या हातात दोन कागद आहेत. एक लॅबचा रिपोर्ट: एचबीएवनसी ५.० टक्के, आणि पुढे छापलेलं ‘नॉर्मल’. दुसरी घरी बोट टोचून मोजलेल्या साखरेची वही. तिच्यात उपाशीपोटीचे आकडे ८८, ९०, ९१ असे शहाण्यासारखे आहेत, पण जेवणानंतर एका तासाने मोजलेले १५८, १६४, १६०. डॉक्टर रिपोर्टकडे नजर टाकतात, वही मात्र पानं उलटून वाचतात आणि म्हणतात, “आहार सांभाळूनही आकडे उतरत नाहीत. इन्सुलिन सुरू करू या.” शेजारी बसलेला नवरा विचारतो, “पण डॉक्टर, तीन महिन्यांची साखर तर नॉर्मल आली ना?”

ही बाई मी समजावण्यापुरती उभी केली आहे, प्रश्न मात्र अगदी खरा आहे आणि रास्तही आहे. एरवी मधुमेहात हाच रिपोर्ट प्रमाण मानतात. रोजचे आकडे खालीवर होतात, एचबीएवनसी खरं काय ते सांगतं, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. मग गरोदरपणातच त्याचा शब्द का चालत नाही?

हा आकडा मोजतो तरी काय?

रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. रक्तात फिरणारी साखर त्याला हळूहळू चिकटत जाते आणि एकदा पक्की चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं एकूण हिमोग्लोबिनशी असलेलं प्रमाण म्हणजे एचबीएवनसी. ५.० टक्के म्हणजे शंभरातल्या पाच भागांवर साखर चिकटलेली आहे.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून या तपासणीला ‘तीन महिन्यांची साखर’ हे नाव पडलं. नाव सोयीचं आहे, पण त्यानेच घोटाळा होतो. लॅब तीन महिन्यांची साखर मोजत नाही. ती पेशींवर बसलेला थर मोजते आणि त्यावरून साखरेचा अंदाज आपण बांधतो. थर किती जाड होईल हे दोन गोष्टींवर ठरतं: रक्तात साखर किती होती, आणि पेशी त्या साखरेत किती दिवस फिरली. दुसरी गोष्ट एरवी जवळपास कायम असते, म्हणून आपण ती विसरून जातो. गरोदरपणात बदलते ती नेमकी हीच.

फरशांची भिंत

स्वयंपाकघरातली एक भिंत डोळ्यांपुढे आणा. तिला १२० फरशा आहेत. चुलीचा धूर रोज प्रत्येक फरशीवर काजळीचा एक बारीक थर चढवतो. काजळी पुसायची नाही, पण रोज सगळ्यात जुनी एक फरशी काढून तिथे नवी बसवायची. असं कायम चालू ठेवलं तर भिंतीवर आज बसलेल्या फरशीपासून १२० दिवसांच्या फरशीपर्यंत सगळ्या वयाच्या फरशा असतील आणि सरासरी वय निघेल ६० दिवस. धूर म्हणजे साखर, फरशा म्हणजे पेशी, आणि अख्ख्या भिंतीवरची सरासरी काजळी म्हणजे एचबीएवनसी.

आता गरोदरपण. बाळाला आणि वारेला ऑक्सिजन पुरवायचा म्हणून आईचं शरीर तांबड्या पेशींचं उत्पादन वाढवतं. मूत्रपिंडातून निघणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक वाढतं, अस्थिमज्जा जोरात कामाला लागते आणि प्रसूतीपर्यंत पेशींचा एकूण साठा साधारण २० ते ३० टक्क्यांनी फुगतो. म्हणजे रोजची अदलाबदल चालू ठेवून भिंत वाढवायलाही घेतली.

हिशेब करून पाहू. गेल्या ६० दिवसांत भिंतीला २४ जास्तीच्या फरशा लागल्या, थोड्या थोड्या करून. त्या नव्या फरशांचं सरासरी वय ३० दिवस. जुन्या १२० चं सरासरी वय ६०. दोन्ही मिळून १४४ फरशा, आणि सगळ्यांचं सरासरी वय ५५ दिवस. धूर तसूभरही कमी झालेला नाही, तरी भिंत आठ टक्क्यांनी उजळ दिसते. जिचं एचबीएवनसी ५.४ आलं असतं तिचं ५.० च्या आसपास येईल. जिचं ६.५ आलं असतं तिचं सहाच्या जवळ.

हा कागदावरचा ढोबळ हिशेब आहे. खऱ्या पेशी इतक्या शिस्तीत मरत नाहीत, आणि मज्जेतून बाहेर पडणारी नवी पेशीही अगदी कोरी नसते. शिवाय गरोदरपणाच्या उत्तरार्धात पेशींचं आयुष्यही काहीसं घटतं, म्हणजे फरशा लवकर निघतात आणि भिंत आणखी उजळते. पण दिशा आणि आवाका प्रत्यक्ष मोजमापाशी जुळतात. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात मधुमेह नसलेल्या स्त्रियांची नॉर्मल मर्यादा ४.७ ते ६.३ टक्के निघाली. सुरुवातीच्या गरोदरपणात ती ४.५ ते ५.७ झाली आणि शेवटी ४.४ ते ५.६. बघा, खालचं टोक थोडंसंच सरकलं, वरचं मात्र चांगलंच खाली आलं. तेव्हा गरोदर बाईच्या रिपोर्टवर ५.९ च्या पुढे ‘नॉर्मल’ छापून आलं, तर तो शिक्का गरोदर नसलेल्यांच्या मर्यादेवरून मारलेला आहे एवढंच समजायचं.

रक्त पातळ होतं म्हणून आकडा उतरत असेल ना?

हे स्पष्टीकरण फार ठिकाणी ऐकू येतं आणि ते चुकीचं आहे. गरोदरपणात रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, पेशींपेक्षा जास्त वाढतो, जवळपास ४० ते ५० टक्के. त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा उतरतो, हे खरं. पण एचबीएवनसी हे प्रमाण आहे. चिकटलेलं आणि न चिकटलेलं हिमोग्लोबिन दोन्ही एकाच पेशीत असतं. भोवती पाणी वाढलं तरी पेशीच्या आतलं प्रमाण हलत नाही. भिंत मोठ्या खोलीत नेली म्हणून फरशीवरची काजळी कमी होत नाही.

पण साखरही खरोखर कमी होतेच की!

होते, आणि हा आक्षेप बरोबर आहे. निरोगी गरोदर स्त्रीची उपाशीपोटीची साखर पहिल्या तिमाहीपासूनच थोडी उतरते आणि पुढे तशीच राहते, कारण बाळ आणि वार रात्रंदिवस ती ओढून घेत असतात. निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र केले तर निरोगी गरोदर स्त्रियांची शेवटच्या तिमाहीतली उपाशीपोटीची साखर सरासरी ७१ च्या आसपास येते आणि चोवीस तासांची सरासरी ८८ च्या. (या लेखातले साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहेत.)

म्हणजे आकडा उतरण्यामागे दोघांचा हात आहे. धूरही थोडा कमी झाला आणि फरशाही नव्या लागल्या. अडचण अशी की रिपोर्टवर एकच आकडा येतो. त्यातलं किती उतरणं साखरेचं आणि किती पेशींच्या वयाचं, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही.

एचबीएवनसीवरून सरासरी साखर काढायचा जो तक्ता सगळीकडे दिसतो, तो म्हणूनच इथे फसवतो. त्याचं सूत्र असं: एचबीएवनसीला २८.७ ने गुणा आणि ४६.७ वजा करा. ५.० साठी उत्तर येतं ९७. आपल्या बाईंनी तक्ता पाहिला असता तर त्यांना वाटलं असतं, सरासरी ९७, छानच की! हे सूत्र मात्र गरोदर नसलेल्या माणसांच्या मोजमापांवरून काढलेलं आहे.

आता वहीचा हिशेब

त्याच बाईंची वही घेऊ. समजा दिवसाचे १८ तास त्यांची साखर ९० च्या आसपास असते आणि तीन जेवणांनंतर दोन-दोन तास, असे सहा तास, १६० वर जाते. १८ गुणिले ९० म्हणजे १६२०, ६ गुणिले १६० म्हणजे ९६०. बेरीज २५८०, तिला २४ ने भागलं की साधारण १०८. खरी सरासरी १०८ आणि तक्त्याने सांगितली ९७. एरवीच्या पेशी असत्या तर १०८ ला एचबीएवनसी ५.४ आलं असतं. नव्या फरशांमुळे आलं ५.०.

पण समजा ही अकरा आकड्यांची चूक आपण दुरुस्त केली. पेशींचं वय मोजायची काही युक्ती सापडली आणि एचबीएवनसीने अचूक १०८ सांगितलं. तरी प्रश्न सुटत नाही.

दुसरी एक गरोदर बाई घ्या. तिची साखर १८ तास १०२ असते आणि जेवणानंतरचे सहा तास १२६. १८ गुणिले १०२ म्हणजे १८३६, ६ गुणिले १२६ म्हणजे ७५६. बेरीज २५९२, सरासरी बरोबर १०८. पेशी सारख्याच असतील तर दोघींचा एचबीएवनसी रिपोर्ट एकच येईल.

आता त्यांची खरी अवस्था पाहा. गरोदरपणात उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४० च्या खाली किंवा दोन तासांनी १२० च्या खाली, अशी उद्दिष्टं सर्रास वापरतात. पहिलीची उपाशीपोटीची साखर ठीक आहे, जेवणानंतरची बिघडली आहे. दुसरीचं बरोबर उलटं: जेवणानंतर ठीक, पण रात्रभर साखर चढी आणि सकाळी उपाशीपोटी १०२. पहिलीला ताटातली कर्बोदकं वाटून घ्यावी लागतील आणि लागलंच तर जेवणाआधी लवकर उतरणारं इन्सुलिन. दुसरीला जेवण कितीही बदललं तरी फारसा फरक पडणार नाही, तिला बहुधा रात्री झोपताना घ्यायचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन लागेल. आजार एका नावाचा, औषध वेगळं, वेळ वेगळी, आणि रिपोर्ट दोघींचा एकच. काजळी बघून सांगता येत नाही की धूर दिवसभर मंद होता की तीनदा लोट उठले.

यातला तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. इन्सुलिन घेणाऱ्या एखादीची साखर रात्री ५५ पर्यंत कोसळत असेल आणि दिवसा १८० वर चढत असेल, तर खड्डे आणि उंचवटे एकमेकांना खाऊन टाकतात आणि एचबीएवनसी देखणं येतं.

बाळाला सरासरी कळत नाही

जेवणानंतरच्या तासाभराच्या उंचवट्याने असं काय बिघडतं, असं वाटू शकतं. आईची साखर वार ओलांडून बाळापर्यंत जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. त्यामुळे आईची साखर चढली की बाळाची चढते, आणि बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवू लागतं. पोटातल्या बाळाला इन्सुलिन वाढीचं खत असतं. बाळ गुबगुबीत होतं, चरबी खांद्यांवर आणि पोटावर जास्त चढते, आणि प्रसूतीत खांदे अडकायचा धोका वाढतो. जन्मानंतर नाळ कापली की साखरेचा पुरवठा क्षणात थांबतो, पण बाळाचं वाढीव इन्सुलिन लगेच ओसरत नाही, म्हणून पहिल्या काही तासांत बाळाचीच साखर घसरते. डॅनिश डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी ही साखळी विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडली. आजही तीच मुख्य मानली जाते.

२००८ मध्ये ‘हापो’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सुमारे २३ हजार गरोदर स्त्रियांची साखर ग्लुकोज पाजून मोजली होती. साखर जसजशी चढत गेली तसतसं बाळाचं वजन जास्त भरण्याचं प्रमाण वाढत गेलं, आणि मधे कुठे ‘इथपर्यंत निर्धोक’ अशी स्पष्ट पायरी दिसली नाही. त्याच स्त्रियांचं एचबीएवनसीही तपासलं होतं. बाळाच्या वजनाशी त्याचं नातं ग्लुकोजच्या आकड्यांइतकं घट्ट निघालं नाही.

आणखी बोलका दाखला कॉन्सेप्ट या चाचणीचा, २०१७ मधला. टाइप वन मधुमेह असलेल्या २१५ गरोदर स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे बोट टोचून मोजायला सांगितलं, दुसऱ्याला त्याशिवाय त्वचेखाली सतत साखर मोजणारा सेन्सर दिला. ३४ व्या आठवड्यात दोन गटांच्या एचबीएवनसीतला फरक टक्क्याच्या पंचमांशाएवढाच होता, ०.१९. नुसता रिपोर्ट पाहणारा म्हणाला असता, सेन्सरने विशेष काही साधलं नाही. पण वाजवीपेक्षा मोठं बाळ होण्याचं प्रमाण नुसतं टोचणाऱ्या गटात ६९ टक्के आणि सेन्सरच्या गटात ५३ टक्के. सेन्सरच्या गटातल्या बायकांची साखर ६३ ते १४० या पट्ट्यात जास्त वेळ राहिली होती, दिवसातला ६८ टक्के वेळ, विरुद्ध ६१ टक्के. सात टक्के म्हणजे रोजचे सुमारे शंभर मिनिटं. एचबीएवनसीत पुसट उमटलेला फरक बाळांच्या वजनात ठसठशीत दिसला.

दर महिन्याला तपासलं तर?

काही ठिकाणी तसं करतातही. पण आकड्याला उशीर लागतो, आणि गरोदरपणात उशिराला जागा नाही. भिंतीवरच्या काजळीत गेल्या एका महिन्याचा वाटा जवळपास निम्मा असतो, कारण गेल्या महिन्याचा धूर बहुतेक सगळ्या फरशांनी खाल्लेला असतो, चार महिन्यांपूर्वीचा मात्र मोजक्याच फरशांनी. म्हणजे २८ व्या आठवड्यात साखर काबूत आली तरी ३२ व्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये निम्मा जुना धूर राहणारच. ४० आठवड्यांच्या हिशेबात तोवर उरलेल्या बारापैकी चार आठवडे गेलेले असतात. बोट टोचल्यावर हाच निकाल त्याच दुपारी कळतो आणि संध्याकाळचा डोस बदलता येतो.

त्यात भिंत स्वतः स्थिर नसते. शेवटच्या तिमाहीत पुष्कळ जणींना लोहाची कमतरता होते. लोह नसलं की नव्या फरशांचा पुरवठा मंदावतो, जुन्या जास्त दिवस टिकतात आणि साखर तेवढीच असून एचबीएवनसी थोडं चढतं. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की नव्या पेशींची लाट येते आणि आकडा उतरतो. लोहाने साखर उतरलेली नसते, फक्त भिंत उजळलेली असते. रक्त चढवलं असेल तर भिंतीत परक्या घरच्या फरशा बसलेल्या असतात. सिकलसेल किंवा थॅलेसीमियासारखा हिमोग्लोबिनचा वेगळेपणा असेल तर पेशींचं वयही बदलतं आणि काही यंत्रांचं मोजमापही चुकतं. अशा वेळी हा आकडा बाजूलाच ठेवावा. वही आणि रिपोर्ट एकमेकांशी भांडू लागले की आधी हिमोग्लोबिन आणि लोह पाहावं.

मग पहिल्याच भेटीत ही तपासणी का करतात?

कारण त्या वेळी ती जे सांगते ते दुसरं कुणी सांगू शकत नाही. आठव्या-दहाव्या आठवड्यातल्या रक्तात गर्भधारणेच्या आधीच्या आणि सुरुवातीच्या आठवड्यांची काजळी अजून शिल्लक असते, आणि भिंत वाढायला नुकती कुठे सुरुवात झालेली असते. बाळाचं हृदय आणि मज्जासंस्था घडतात ते हेच आठवडे. तेव्हा ६.५ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर मधुमेह बहुधा आधीपासूनच होता, नुसता कळला नव्हता. आधीपासून मधुमेह असणाऱ्यांना गर्भधारणेपूर्वी एचबीएवनसी ६.५ च्या खाली आणायला सांगतात, आणि ते १० च्या वर असेल तर ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना तूर्त गर्भधारणा टाळायला सांगतात, त्या याच कारणासाठी.

पुढेही हा आकडा निरुपयोगी होत नाही, त्याचा अर्थ एकतर्फी होतो. गरोदरपणात एचबीएवनसी चढं आलं तर लोहाची कमतरता तपासून ते गंभीरपणे घ्यायचं, कारण उजळ दिसायची इतकी कारणं असूनही भिंत काळी दिसते आहे. कमी आलं तर त्यावरून निश्चिंत व्हायचं नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन वारंवार साखर घसरत नसेल तर ६ च्या खालचं उद्दिष्ट ठेवते आणि घसरत असेल तर ७ पर्यंत सैल करते, पण या तपासणीला दुय्यम जागा देते. पहिली जागा उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या मोजमापाची. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात गरोदरपणातला मधुमेह शोधण्यासाठीही म्हणूनच ग्लुकोज पाजून साखर मोजतात. चव नकोशी असते, उलटीची भावना होते, आणि ‘त्याऐवजी एचबीएवनसी करा ना’ असं प्रत्येकीला वाटतं. पण आपल्या पहिल्या बाईसारखी, जिची साखर फक्त जेवणानंतर चढते, ती एचबीएवनसीच्या तपासणीत निसटून जाईल.

बाळंतपणानंतर भिंत लगेच पूर्ववत होत नाही. प्रसूतीत रक्त गेलेलं असतं, ते भरून काढायला पुन्हा नव्या पेशी येतात, आणि भिंतीवर गरोदरपणातल्या महिन्यांची काजळीही उरलेली असते. म्हणून मधुमेह गेला की राहिला हे पाहायला चार ते बारा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊनच तपासणी करायची असते. बाळाच्या रात्रीच्या जागरणांत ही तारीख हटकून राहून जाते, तेव्हा ती घरी जातानाच लिहून घेतलेली बरी.